चार पॉइंट म्हणजे चार रुपये नव्हेत: रिवॉर्ड पॉइंट आणि कॅशबॅक यांचा खरा हिशेब

प्रश्न: «माझ्याकडे पॉइंटवालं क्रेडिट कार्ड आहे. दर दीडशे रुपयांना चार पॉइंट, वर्षाची फी 500 अधिक जीएसटी. मेव्हणा म्हणतो, हे सोड आणि कॅशबॅकवालं घे, ऑनलाइनला पाच टक्के, बाकी सगळीकडे एक टक्का, फी 999 अधिक जीएसटी. महिन्याला साधारण 32 हजार कार्डावर जातात: किराणा, पेट्रोल, लाइट बिल, एलआयसी, शाळेची फी, सगळं. दीडशेला चार म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर झाले ना? मग बदलायचं कशाला?» (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर:

तुमचा अडीच टक्क्यांचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: एक पॉइंट म्हणजे एक रुपया. अशी कार्डं आहेत, पण थोडी, आणि त्यांची फी सहसा हजारांत असते. पाचशे रुपये फीच्या कार्डावर पॉइंट बिलात वळता केला, तर बहुतेक बँका वीस ते पंचवीस पैसे देतात. म्हणून आधी पॉइंट किती मिळतात हे बाजूला ठेवा आणि आपल्या कार्डाचा एक पॉइंट किती पैशांचा आहे ते बघा. बँकेच्या ॲपमध्ये रिडीमच्या पानावर जा आणि ‘स्टेटमेंट क्रेडिट’ किंवा ‘कॅश’ हा पर्याय उघडा. तिथे हजार पॉइंटांचे किती रुपये होतात ते दिसतं. 250 रुपये दिसले तर पॉइंट पाव रुपयाचा. दीडशेला चार पॉइंट म्हणजे मग दीडशेला एक रुपया, पाऊण टक्क्यालाही थोडं कमी. त्यातूनही पुढे गळती आहे.

उत्तर तुमच्या खर्चाच्या वाटणीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही दिलेली नाही. म्हणून बेळगावातल्या नोकरदार कुटुंबांच्या स्टेटमेंटांत साधारण जी वाटणी दिसते ती धरून मी हिशेब मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील तर त्याच जागी घाला, रीत बदलत नाही.

महिन्याचे 32,000 असे धरू. खानापूर रोडकडच्या सुपरमार्केटात किराणा 7,000. ऑनलाइन खरेदी 6,000. पेट्रोल 4,000. हेस्कॉमचं लाइट बिल, मोबाइल, ब्रॉडबँड मिळून 3,500. विम्याचा हप्ता महिन्याच्या सरासरीने 3,000. शाळेची फी, तीही सरासरीने, 4,000. राहिलेले 4,500 कपडे, औषधं, हॉटेल यांत.

पहिली गळती इथेच आहे. 32,000 खर्च झाला म्हणजे 32,000 वर पॉइंट मिळाले असं होत नाही. पेट्रोलवर बहुतेक सगळी कार्डं पॉइंट देत नाहीत. लाइट बिल आणि विमा यांवर काही कार्डं देतात, काही कमी देतात, काही देतच नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत ‘देतच नाहीत’ची यादी वाढत चालली आहे. घरभाडं आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे हेही बहुधा त्याच यादीत असतात. तुमच्या कार्डाच्या नियमावलीत ‘एक्सक्लूजन’ नावाचा परिच्छेद शोधा. जाहिरातीच्या पानावर तो सहसा नसतो, नियम-अटींच्या पीडीएफमध्ये असतो. आपण तुमच्या कार्डावर पेट्रोल, बिलं आणि विमा बाहेर आहेत असं धरू. म्हणजे 10,500 गेले आणि पॉइंटला पात्र राहिले 21,500.

दुसरी गळती बारीक आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ‘दीडशेला चार’ याचा अर्थ पूर्ण दीडशेला चार, आणि तेही बहुतेक कार्डांवर प्रत्येक व्यवहाराला वेगळं मोजून. तुम्ही कुंद्याचं 290 रुपयांचं बिल कार्डावर दिलंत, तर त्यात दीडशेचा एकच गट बसतो. चार पॉइंट मिळतात आणि वरचे 140 रुपये वाया जातात. औषधाचं बिल 145 झालं तर शून्य. दर व्यवहारामागे सरासरी अर्धा गट, म्हणजे 75 रुपये असे सुटतात. महिन्याला पात्र खर्चाचे वीस व्यवहार धरले तर 1,500 रुपये बिनपॉइंटचे गेले. राहिले 20,000, त्यांत दीडशेचे गट 133, म्हणजे साधारण 530 पॉइंट. वर्षाचे 6,360. काही बँका महिन्याच्या एकूण खर्चावर पॉइंट मोजतात, तिथे ही गळती नाही. स्टेटमेंटमधले एक-दोन छोटे व्यवहार आणि त्यांपुढे जमा झालेले पॉइंट ताडून पाहिले की तुमची बँक कोणत्या पद्धतीची आहे ते लगेच कळतं.

6,360 पॉइंट पंचवीस पैशांनी 1,590 रुपये. पॉइंट वळते करताना बऱ्याच बँका दर वेळी 99 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास 117 रुपये घेतात. वर्षातून एकदाच वळते केले तर हातात 1,473 उरले. वर्षाचा तुमचा कार्डावरचा खर्च आहे 3,84,000. म्हणजे परतावा 0.38 टक्के. फी माफ झाली नाही तर 590 त्यातून वजा करा, मग 883 रुपये, म्हणजे पाव टक्क्याच्याही खाली. ज्यांना दर तीन महिन्यांनी पॉइंट वळते करायची सवय आहे, त्यांचे तर चार वेळचे 468 रुपये नुसत्या रिडीमच्या चार्जात जातात.

आता मेव्हण्यांनी सुचवलेलं कार्ड. त्यालाही गाळणी आहे, कॅशबॅक म्हणजे सगळ्यावर कॅशबॅक नव्हे. पेट्रोल, बिलं, विमा तिथेही बाहेर धरू. शाळेची फीही बाहेर धरू, कारण पाच टक्क्यांची कार्डं शिक्षणाचा खर्च बहुधा वगळतात, फी शाळेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरली तरीही. मग उरतात ऑनलाइनचे 6,000, त्यांचे पाच टक्क्यांनी 300. किराणा आणि इतर मिळून 11,500, त्यांचे एक टक्क्याने 115. महिन्याला 415, वर्षाला 4,980 रुपये. हे पैसे थेट बिलात जमा होतात, रिडीमचा चार्ज नाही, गटांचं गणितही नाही. एकूण खर्चावर परतावा 1.3 टक्के.

फीचं काय? अशा कार्डांवर वर्षाला ठरावीक खर्च, समजा दोन लाख, झाला की पुढच्या वर्षीची फी माफ होते. तुमचा खर्च पावणेचार लाखांच्या वर असला तरी माफीसाठी कोणता खर्च मोजतात ते बघा. वगळलेला खर्च तिथेही मोजत नसतील तर तुमचे पात्र 17,500 गुणिले बारा म्हणजे 2,10,000 होतात. दोन लाखांची रेघ तुम्ही जेमतेम ओलांडता. एखाद्या महिन्यात खरेदी कमी झाली की 1,179 रुपये फी लागेल. तरीही 4,980 वजा 1,179 म्हणजे 3,801 उरतात, तुमच्या पॉइंटकार्डाच्या अडीचपट.

या दोन आकड्यांवरून एक उपयोगी गोष्ट काढता येते. पॉइंटकार्डाने कॅशबॅकची बरोबरी करायची असेल तर तुमचा एक पॉइंट किती पैशांचा असायला हवा? 4,980 मध्ये रिडीमचे 117 मिळवा आणि 6,360 ने भागा. उत्तर येतं ऐंशी पैसे. दोन्ही कार्डांची फी माफ धरून हा बरोबरीचा भाव आहे. ज्या मार्गाने तुमचा पॉइंट ऐंशी पैशांच्या वर जातो, तो मार्ग तुम्ही खरोखर वापरत असाल तर कार्ड बदलू नका. एरवी मेव्हण्यांचं ऐका.

ऐंशी पैसे मिळवून देणारा मार्ग आहे का, हे तपासताना कॅटलॉगच्या किमतीवर विसंबू नका. बँकेच्या पॉइंटच्या दुकानात मिक्सर 12,000 पॉइंटांना दिसतो आणि शेजारी किंमत लिहिलेली असते 3,499. त्यावरून पॉइंट एकोणतीस पैशांचा वाटतो. पण तोच मिक्सर, तेच मॉडेल, खडेबाजारात विचारा. समजा तो 2,400 ला मिळतो. तुम्ही वाचवलेत ते 2,400, छापील 3,499 नव्हे, आणि त्यातून चार्जाचे 117 वजा होतात. 2,283 भागिले 12,000 म्हणजे एकोणीस पैसे. बिलात वळते केले असते तर याहून जास्त मिळाले असते. नियम साधा आहे: एरवी तुम्ही ती वस्तू जिथून आणि जितक्याला घेतली असती, तोच तिचा भाव धरा. आणि घ्यायचीच नव्हती, नुसते पॉइंट संपवायला घेतली, तर त्या पॉइंटांची किंमत तुमच्यापुरती शून्याजवळ धरा.

गिफ्ट व्हाउचर त्यामानाने सरळ असतात, पण ज्या दुकानाचं व्हाउचर आहे त्याची शाखा बेळगावात आहे का ते आधी बघा. कुणाकुणाकडे फक्त मोठ्या शहरांतल्या मॉलमधल्या दुकानांची व्हाउचर उरलेली असतात, आणि ती वापरण्यासाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जाईपर्यंत मुदत संपते. पॉइंटची मुदत वेगळी आणि व्हाउचरची वेगळी. पॉइंट दोन-तीन वर्षं चालत असला तरी त्याचं व्हाउचर करून घेतलं की बहुधा सहा महिने ते एक वर्ष एवढीच मुदत मिळते.

पॉइंट खरोखर चढतो तो विमान तिकिटात. बँकेच्या प्रवास पोर्टलवर तोच पॉइंट पन्नास पैशांना घेतात, वरच्या श्रेणीच्या कार्डांवर रुपयालाही. सांबऱ्याहून किंवा गोव्याहून वर्षातून तीन-चार वेळा विमानाने जाणाऱ्या घराला याचा खराच फायदा होतो. पण इथेही दोन ठिकाणी तपासा. बँकेच्या पोर्टलवरचं तिकीट आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचं तिकीट यांचे भाव एकाच वेळी उघडून बघा. समजा पोर्टलवर 6,000 आहे आणि कंपनीकडे 5,600. तुम्ही 6,000 पॉइंट लावून 3,000 कमी केलेत, पण तिकीटच 400 ने महाग घेतलं. खरी बचत 2,600, पॉइंट त्रेचाळीस पैशांचा. दुसरं, बऱ्याच पोर्टलवर सगळं तिकीट पॉइंटांवर काढता येत नाही. काही भाग, बहुधा तीस टक्के, कार्डाने भरावाच लागतो. तुमच्या पाचशे रुपये फीच्या कार्डावर हा मार्ग धरला तरी ऐंशी पैशांपर्यंत पोचणं अवघड आहे. आणि तुमचा प्रवास रेल्वेने किंवा बसने होत असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाहीच.

लाउंज, सिनेमाची तिकिटं, ‘तीन लाख खर्चावर पाच हजार बोनस पॉइंट’ असली आमिषंही याच तराजूत घाला. पाच हजार बोनस पॉइंट पाव रुपयाच्या भावाने 1,250 रुपये होतात. तुमचा पात्र खर्च 2,58,000 आहे. बोनससाठी 42,000 ची नको असलेली खरेदी करणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. पण वर्षअखेरीला तीन लाखांना फक्त चार-पाच हजार कमी पडत असतील आणि पुढच्या महिन्याचा किराणा तसाही भरायचाच असेल, तर तो आधी भरा.

आता आपल्या भागात हमखास फसगत होते त्या तीन जागा.

पहिली यूपीआयची. गणपत गल्लीतल्या भाजीवाल्यापासून रविवार पेठेतल्या घाऊक दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर आहे, आणि रुपे क्रेडिट कार्ड 2022 पासून यूपीआयला जोडता येतं. त्यामुळे सगळा बाजार कार्डावर आणू असं वाटतं. पण क्रेडिट कार्डाने फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर पैसे जातात. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर व्यवहार होतच नाही, ॲप बचत खातं निवडायला सांगतं. होतो तिथेही छोट्या दुकानांत दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर दुकानदाराकडून काही कापलं जात नाही, म्हणजे बँकेच्या हाती काही पडत नाही. म्हणून अनेक कार्डं यूपीआयवर पॉइंट किंवा कॅशबॅक कमी देतात, नाहीतर महिन्याला छोटी मर्यादा घालतात. मेव्हण्यांच्या कार्डाचा पाच टक्क्यांचा ‘ऑनलाइन’ हा शब्द यूपीआयला लागू आहे असं समजू नका. बहुधा नसतो.

दुसरी सराफाची. शहापूरला सोनं घेताना कार्ड काढलं की दुकानदार दीड-दोन टक्के जादा सांगतो, किंवा रोखीला आणि यूपीआयला घडणावळीत सूट देतो, म्हणजे गोष्ट तीच. एक लाखाच्या खरेदीवर दोन टक्के म्हणजे 2,000 जादा. पॉइंट मिळतील 2,664, पाव रुपयाने 666. कॅशबॅक एक टक्क्याने 1,000. दोन्ही कार्डांवर तोटाच. म्हणून कार्ड काढण्याआधी विचारा: ‘कार्डावर आणि यूपीआयवर एकच भाव आहे ना?’ कापडाच्या दुकानातही विचारा. रोखीला पाच टक्के सूट देणाऱ्या दुकानात कोणतंच कार्ड परवडत नाही. पेट्रोलचंही असंच आहे. पंपावर कार्डाला एक टक्का सरचार्ज लागतो, बँक तो परत करते, पण ठरावीक रकमेच्या बिलांवरच, आणि त्यावरचा जीएसटी परत येत नाही. चार हजारांवर सात रुपये जातात आणि पॉइंट शून्य. पेट्रोल बँकेच्या खात्यातून यूपीआयने भरा, हा प्रश्नच मिटतो.

तिसरी जागा दुकानाच्या कोडची. तुम्ही कुठे खरेदी केली हे बँक दुकानाच्या पाटीवरून ठरवत नाही. कार्ड मशीन बसवताना त्या दुकानाला जो चार आकडी व्यवसाय-कोड दिला असतो, त्यावरून ठरवते. किराण्याचा कोड 5411, पेट्रोल पंपाचा 5541 किंवा 5542, दागिन्यांचा 5944. मालकाने दुसऱ्या धंद्यासाठी घेतलेलं मशीन किराण्याच्या काउंटरवर ठेवलं असेल तर तुमचा किराणा भलत्याच खात्यात पडतो. याची खूण एकच: व्यवहार नोंदला जातो आणि पॉइंट किंवा कॅशबॅक येत नाही. म्हणून नव्या दुकानात किंवा नव्या साइटवर आधी दोनशे-तीनशेची खरेदी करा, पुढच्या स्टेटमेंटमध्ये त्याच्यापुढे काय जमा झालं ते बघा, आणि मगच मोठी खरेदी तिकडे न्या. ऑनलाइनच्या पाच टक्क्यांना असलेली मर्यादाही याच वेळी तपासा. महिन्याला जास्तीत जास्त हजार रुपये अशी मर्यादा असेल तर ती 20,000 च्या ऑनलाइन खरेदीला संपते. दिवाळीला 45,000 चा फ्रिज घेतलात तर 2,250 ऐवजी हजारच मिळतील. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कार्डावर खरेदी वाटून घ्या. मोठ्या वस्तू ईएमआयवर घेतल्या तर कॅशबॅक बहुधा मिळतच नाही, हेही लक्षात ठेवा.

या सगळ्याच्या वर एक अट आहे: बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं. तसं नसेल तर वरचा एकही आकडा कामाचा नाही. समजा एका महिन्यात दहा हजार मागे ठेवले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, खरेदीच्या दिवसापासून धरून दोन महिन्यांचे 700, त्यावर अठरा टक्के जीएसटी 126, एकूण 826 रुपये. तुमच्या पॉइंटकार्डाची सात महिन्यांची कमाई एका चुकलेल्या बिलात गेली. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून चालू होतं. आणखी एक नेहमीची गफलत: वळते केलेले पॉइंट किंवा आलेलं कॅशबॅक बहुतेक बँका ‘भरणा’ मानत नाहीत. बिल 9,000, कॅशबॅक 400 जमा झालं म्हणून 8,600 भरले, आणि कॅशबॅक मात्र पुढच्या स्टेटमेंटमध्ये लागलं, असं झालं की चारशे थकीत दिसतात आणि व्याज सुरू होतं. स्टेटमेंटवर ‘टोटल ड्यू’ म्हणून जो आकडा छापला आहे तोच भरा, वजाबाकी आपण करू नका.

दोन्ही प्रकारांतला आणखी एक फरक आकड्यात धरता येत नाही, पण माझ्या लेखी तो महत्त्वाचा आहे. कॅशबॅक जमा झालं की ते तुमचं. पॉइंटांचा भाव मात्र बँकेच्या हातात असतो. आगाऊ कळवून ती पाव रुपयाचा पॉइंट वीस पैशांवर आणू शकते, आणि मग तुमचे साठवलेले सगळे पॉइंट एका दिवसात पाचव्या हिश्शाने उतरतात. म्हणून पॉइंट साठवण्यात शहाणपण नाही. वर्षातून एकदा, फीची तारीख येण्याआधी, चार्ज एकदाच पडेल अशा बेताने ते उतरवून टाका.

तुमच्याकरता सांगायचं तर अशी वाटणी करा. कॅशबॅकचं कार्ड ऑनलाइन, किराणा, कपडे, औषधं यांना. पेट्रोल यूपीआयने खात्यातून. लाइट बिल आणि विमा दोन्ही कार्डांवर वगळलेले असतील तर तेही थेट खात्यातून, म्हणजे कार्डाचं बिल लहान राहतं आणि भरायला सोपं जातं. शाळेच्या फीपुरता तुमच्या जुन्या कार्डाचा उपयोग आहे. त्यावर पॉइंट मिळत असतील तर वर्षाच्या 48,000 चे जवळपास 1,280 पॉइंट होतात, म्हणजे 320 रुपये. 590 फी भरून एवढ्यासाठी ते कार्ड ठेवण्यात अर्थ नाही. बँकेला फोन करून ‘लाइफटाइम फ्री’ करून द्या किंवा बिनफीच्या प्रकारात बदलून द्या, असं विचारा. जुन्या ग्राहकाला बऱ्याचदा देतात, आणि जुनं कार्ड चालू राहिल्याने तुमचा कर्ज-इतिहासही तुटत नाही.

नाही म्हणाले आणि बंदच करायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. आधी नवं कार्ड हातात येऊन चालू होऊ द्या. जुन्यावर लावलेले ऑटो-पे, म्हणजे मोबाइल, ओटीटी, विम्याचा हप्ता, एकेक करून नव्यावर किंवा खात्यावर न्या. मग सगळे पॉइंट बिलात वळते करा, कारण कार्ड बंद झालं की उरलेले पॉइंट जातात. ते जमा झाल्यावर शेवटचं बिल पूर्ण भरा आणि बंद करण्याची विनंती ॲपवरून किंवा ई-मेलने लेखी द्या. बाकी काही नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. म्हणून विनंतीची तारीख आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा, आणि महिनाभराने ‘नो ड्यूज’चं पत्र मागून घ्या.